२० की ४० मेगाहर्ट्झ: वाय-फाय चॅनलची रुंदी

राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चॅनलची रुंदी २० किंवा ४० मेगाहर्ट्झ ठेवता येते. ८०२.११एन प्रकारच्या, एकच अँटेना वापरणाऱ्या मोबाइलला २० वर कमाल ७२ आणि ४० वर १५० मेगाबिट प्रतिसेकंद जोडणी मिळते. वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या शेतातल्या एकट्या घरात, जिथे दुसरा राउटर दिसतच नाही, तिथे ४० निवडणे योग्यच आहे.

तालुक्याच्या गावातल्या तीन मजली इमारतीत मात्र, जिथे खाली कृषी केंद्र आणि वर भाड्याच्या खोल्या आहेत व दहा-बारा राउटर एकाच वेळी चालू असतात, तिथे हिशेब उलटतो. हा पट्टा जेमतेम ८३ मेगाहर्ट्झचा आहे. २० वर त्यात १, ६ आणि ११ हे तीन वेगळे चॅनल बसतात. ४० चा एकच राउटर त्यांतल्या दोघांवर पसरतो. शेजाऱ्याचे प्रसारण कानी पडले की त्याला थांबावे लागते, आणि अर्धवट एकमेकांवर आलेल्या लहरींमुळे बिघडलेली माहिती पुन्हा पाठवावी लागते. शिवाय दुप्पट रुंदीत दुप्पट गोंगाट शिरतो, म्हणून भिंतीपलीकडची जोडणी आधी ढासळते.

हे ओळखण्यासाठी लॅपटॉपवरून राउटरच्याच पत्त्यावर, जो बहुधा पुढीलप्रमाणे असतो, तपासणी करावी:

```
ping 192.168.1.1
```

उत्तराचा वेळ संध्याकाळी २-३ मिलिसेकंदांवरून वारंवार शंभरापलीकडे उडत असेल, तर दोष बहुधा बाहेरच्या लाइनचा नसून हवेतल्या गर्दीचा आहे. अशा ठिकाणी मी निःसंकोच २० च ठेवीन.