परीक्षा विभागाचा पदभार: अहवाल कामनिहाय घ्यावा की परीक्षानिहाय?

संलग्न महाविद्यालयातला परीक्षा समन्वयक पद सोडतो तेव्हा पदभार-अहवाल दोन तऱ्हेने लिहिला जातो. एकात कामांचे गट असतात: राखीव निकाल, गुणदुरुस्ती, फेरमूल्यांकन, परीक्षकांची बिलं. दुसऱ्यात एकेक परीक्षा घेऊन तिचं काय राहिलंय ते लिहितात. पहिला पटकन होतो, दुसऱ्याला वेळ लागतो. तरीही प्रलंबित कामांसाठी नव्या समन्वयकाने दुसराच मागावा, असं माझं ठाम मत आहे.

समजा, दुसऱ्या सत्राच्या एका विद्यार्थिनीचा निकाल राखीव आहे. कामनिहाय अहवालात ती ‘राखीव निकाल : ६’ या आकड्यात हरवते. त्या सहांपैकी कुणाचं पात्रता प्रमाणपत्र बाकी असतं, कुणाची गैरप्रकाराची चौकशी चालू असते. प्रत्येकाचा कागद वेगळ्या टेबलावर जातो. परीक्षानिहाय नोंदीत तिचा आसनक्रमांक आणि विषय असतो. अंतर्गत गुण भरताना पोर्टलवर ‘गैरहजर’ पडलं, विभागाच्या मूळ गुणपत्रकात मात्र ती हजर आहे, हे लिहिलेलं असतं. दुरुस्तीचं पत्र कोणत्या जावक क्रमांकाने गेलं, सोबत हजेरीपत्रक जोडलं का, विद्यापीठाची पोच कुठल्या फाइलला आहे, हेही सापडतं. नव्या माणसाला दुसऱ्या दिवशीच पाठपुरावा करता येतो. हे अडलं की तिचा पुढच्या वर्षाचा प्रवेशही अडू शकतो, म्हणून इथे कष्ट वाचवू नयेत.

दप्तराचं उलट आहे. निकालपत्रकं, तपासलेल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, कोऱ्या उत्तरपत्रिका परीक्षेप्रमाणे विभागल्या तर मोजणीच होत नाही. तिथे प्रकारानुसार, कपाटासह यादी बरी. कोऱ्या उत्तरपत्रिका तर साठा नोंदवहीशी ताडूनच घ्याव्यात. आल्या ५०००, वापरल्या ४२६०, खराब १५. म्हणजे ७२५ उरायला हव्यात. कपाटात ७०० निघाल्या तर २५ची तफावत अहवालात लिहून मगच दोघांनी सही करावी. सहीनंतर ती नव्या माणसाच्या नावावर पडते.

संपर्कांची यादी दोन्ही नमुन्यांत बहुधा कच्ची असते. विद्यापीठातल्या ओळखीच्या कर्मचाऱ्याचा मोबाइल नंबर त्याची बदली झाली की निरुपयोगी ठरतो. म्हणून कक्षाचं नाव, पद आणि कार्यालयाचा ईमेल लिहून घ्यावा. पोर्टलचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो ते आधी बघावं. तो नंबर जुन्या समन्वयकाचाच राहिला, तर गुण भरायच्या शेवटच्या दिवशी लॉगिन अडतं. पासवर्ड कागदावर देण्यापेक्षा दोघांनी समोर बसून नंबर आणि पासवर्ड बदलावेत.

अनुभवाच्या नोंदी शेवटच्या वेगळ्या पानावर कुणी वाचत नाही. ‘बाह्य परीक्षकाचं नियुक्तिपत्र उशिरा मिळालं, पुढच्या वेळी आधीच विचारा’ ही ओळ त्या प्रात्यक्षिक परीक्षेखालीच हवी.

हाताशी एकच दिवस असेल, तर राखीव निकाल आणि गुणदुरुस्तीच्या नोंदी परीक्षानिहाय करून घ्याव्यात, कोऱ्या उत्तरपत्रिका मोजाव्यात, ओटीपीचा नंबर बदलावा. बिलांची साधी यादी चालते.