चिघळलेला इसब: फ्लुक्लॉक्सासिलिन की सेफॅलेक्सिन?

सोलापूरच्या उन्हाळ्यात, चार वर्षांचा, 16 किलोचा मुलगा. कोपराच्या लवणीतला इसब दोन दिवसांत ओला झाला, मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या, कडेला पुवाचे फोड, अंगात ताप. नुसती लाली आणि खाज असती तर मी अँटिबायोटिक दिलंच नसतं. इथे ते हवं.

दोन्ही औषधं स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूवर चालतात. फ्लुक्लॉक्सासिलिनचा मारा जास्त नेमका, म्हणून ब्रिटनमध्ये पहिली पसंती त्याला. पण या वयात 125 ते 250 मिग्रॅ दिवसातून चार वेळा, तेही जेवणाआधी तासभर, आणि चव कडवट. मूल थुंकतं, डोस चुकतात. सेफॅलेक्सिन किलोमागे 12.5 मिग्रॅ, म्हणजे याला 200 मिग्रॅ, दिवसातून दोनदा. 5 मिलीत 125 मिग्रॅचं सिरप असेल तर 8 मिली. जेवणानंतरही चालतं. मी हेच निवडलं, 5 ते 7 दिवसांसाठी. पेनिसिलिनची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर मात्र दोन्ही टाळावीत. एमआरएसए म्हणजे याच जंतूची अशा औषधांना दाद न देणारी जात; तिच्यावर दोन्ही निकामी, म्हणून दोन-तीन दिवसांत उतार नसेल तर पुवाची तपासणी.

“डॉक्टर, मग ट्यूब बंद करू ना?” आईने विचारलं. नाही, ताई. स्टिरॉइड मलम चालूच ठेवा. सूज तशीच राहिली तर त्वचा फुटकीच राहते, जंतू परत शिरतात.

एकसारखे, टोचून काढल्यासारखे खोलगट फोड दिसले तर ती नागिणीच्या जातीतली हर्पिसची लागण असू शकते. तिथे यातलं एकही औषध उपयोगाचं नाही. त्याच दिवशी अ‍ॅसिक्लोव्हिर लागतं.