आधी घात, आधी मूळ की आधी अवयव?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांतली मुलं आठवीत ऋण घातांक शिकतात आणि नववीत अपूर्णांक घातांक. दोन्ही एकाच गणितात आले की सुरुवात कुठून करायची, इथेच गाडी अडते. (16/81)^(-3/4) घेऊ. इथे ^ म्हणजे "चा घात", आणि पाया धनच धरलाय.

पहिली पायरी कुठल्याही वाटेने गेलात तरी चालते: ऋण घातांकाचा नियम, a^(-n) = 1/a^n. त्यामुळे अपूर्णांक उलटतो आणि घातांकाचं उणं जातं: (81/16)^(3/4). उलटायचा तो फक्त पाया. घातांक 4/3 करून ठेवणं ही नेहमीची चूक. दुसरी चूक म्हणजे उत्तरालाच उणे चिन्ह देणं.

आता अपूर्णांक घातांकाचा नियम: a^(m/n) म्हणजे a च्या n व्या मुळाचा m वा घात. आधी घात केला तर 81^3 = 531441, आणि मग त्याचं चौथं मूळ काढत बसा. बरोबर असूनही ही वाट मी कुणाला सांगणार नाही. आधी मूळ काढलं तर 81 चं 3, 16 चं 2. भागाकाराच्या घाताचा नियम, (a/b)^n = a^n/b^n, वापरून (3/2)^3 = 27/8. दोन ओळींत काम झालं.

मूळ पूर्णांकात येत असेल तोवर ही वाट झकास. पण 4^(1/3) × 2^(-5/3) दिलं तर? 4 चं घनमूळ पूर्णांकात येत नाही, मुलं तिथेच थबकतात. इथे अवयवच पाडायचे. 4 = 2^2, म्हणून घाताच्या घाताचा नियम, (a^m)^n = a^(mn), लावून 4^(1/3) = 2^(2/3). पाया सारखा झाला की गुणाकाराचा नियम, a^m × a^n = a^(m+n): 2/3 - 5/3 = -1. उरलं 2^(-1), म्हणजे 1/2.

म्हणून नवशिक्याला मी अवयवांचीच सवय लावीन. पहिलं गणितही तिने सुटतं: ((2/3)^4)^(-3/4) = (2/3)^(-3) = 27/8. एखादी ओळ जास्त लागते खरी, पण प्रत्येक ओळीपुढे नियमाचं नाव लिहिता येतं आणि चूक कुठल्या ओळीत झाली ते लगेच सापडतं. पाया वेगळे असले, 2 आणि 3 सारखे, तर मात्र घातांकांची बेरीज करायची नाही. तो नियम तिथे लागूच होत नाही.

उत्तर ताडून पाहायचं असेल तर आकार बघा. 16/81 हा 1 पेक्षा लहान, घातांक ऋण, म्हणजे उत्तर 1 पेक्षा मोठंच हवं. 8/27 आलं असेल तर पाया उलटायचा राहिलाय.