पीक कर्ज सोसायटीचं घ्यावं की बँकेचं? सोयाबीनवाल्यांसाठी

सोसायटीचं पीक कर्ज मी अकरा वर्षं घेतलं आणि गेली तीन वर्षं राष्ट्रीयीकृत बँकेचं किसान क्रेडिट कार्ड वापरतोय. लातूर जिल्ह्यात पाच एकर जमीन आहे. खरिपाला सोयाबीन-तूर, विहिरीला पाणी राहिलं तर हरभरा. उसाचा पैसा नाही, त्यामुळे माझा हिशोब ऊसवाल्यांना जसाच्या तसा लागू होणार नाही.

व्याजदरावरून निवड करू नका. तीन लाखांपर्यंतचं कर्ज वेळेत फेडलं तर केंद्राची तीन टक्के सवलत आणि वर राज्याची पंजाबराव देशमुख योजना मिळून दोन्हीकडे व्याज शेवटी शून्यावर येतं. फरक एवढाच की आमची सोसायटी मार्चमध्ये फक्त मुद्दल घ्यायची, बँक मात्र व्याज आधी खात्याला लावते आणि राज्याच्या वाट्याची सवलत मागाहून जमा होते. तेवढी रक्कम मधल्या काळात हाताशी लागते.

कागदांच्या बाबतीत सोसायटी सोपी, हे मान्य करायलाच हवं. सातबारा, आठ-अ, आधार, इ-करार आणि दोन सभासद जामीन. गटसचिव घरचा माणूस असल्यासारखा, सोसायटीच्या कर्जाच्या यादीत, म्हणजे क.म. पत्रकात, नाव लागलं की काम झालं. वडिलांच्या पश्चात वारसांची नावं लागायची होती, तेव्हाही त्यांनी सांभाळून घेतलं. बँकेत यातलं काही चालत नाही. आठ-अ सामाईक असेल तर सगळ्या भावांच्या सह्या लागतात, आजूबाजूच्या बँकांचे आणि सोसायटीचे बेबाकी दाखले लागतात, सिबिल बघतात. मी एका नातेवाइकाच्या ट्रॅक्टरला जामीन होतो, त्याचे दोन हप्ते थकलेले तिथे दिसले आणि माझं प्रकरण महिनाभर अडलं. दोन लाखांपर्यंत गहाणखत लागत नाही, हे शाखेत आपणच आठवण करून द्यावं.

एवढं असून मी सोसायटी सोडली ती नव्या-जुन्यामुळे, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचलायच्या फेऱ्यामुळे.

सोयाबीन ऑक्टोबरात निघतं, पैसा दिवाळीच्या मागेपुढे येतो. सोसायटीची मुदत 31 मार्च. नोव्हेंबरात थोडे पैसे भरता येत होते, पण भरलेले परत उचलता यायचे नाहीत, पुढच्या हंगामापर्यंत ते अडकले. हरभऱ्याचं बी, खत, पोरांची फी समोर असताना कोण भरणार? मग पैसा घरखर्चात जिरायचा आणि मार्चअखेरीला एक लाख एकरकमी उभे करायचे. एका वर्षी 29 मार्चला आडत्याकडून महिना तीन रुपये शेकड्यानं लाख रुपये आणून भरले. आठ दिवसांत नवं कर्ज मिळेल असं सांगितलं होतं, ते 20 मेला खात्यावर आलं. बावन्न दिवसांचे पाच हजार दोनशे रुपये आडत्याला गेले. बिनव्याजी कर्जावर हे व्याज मी भरलं, आणि गावातल्या निम्म्या सभासदांनी असंच भरलं होतं.

कार्डाचं खातं चालतं असतं, भरलं की मर्यादेत पुन्हा उचलता येतं. मर्यादाही जरा मोठी बसते. पीक कर्जदर गुणिले क्षेत्र, त्यावर घरखर्चाचे दहा टक्के आणि अवजारं-दुरुस्तीचे वीस टक्के. म्हणजे पिकाचे एक लाख धरले तर एक लाख तीस हजार, विम्याचा हप्ता वेगळा. गेल्या वर्षी मी 10 जूनला एक लाख उचलले. चाळीस क्विंटल सोयाबीन बेचाळीसशेनं गेलं, काढणी-मळणी वजा करून 15 नोव्हेंबरला साठ हजार भरले. लगेच हरभऱ्यासाठी वीस हजार उचलले. खरिपाचे राहिलेले चाळीस तुरीच्या पैशातून फेब्रुवारीत दिले. मार्चमध्ये आडत्याच्या दारात जावं लागलं नाही. रब्बीच्या उचलीची मुदत बँक वेगळी धरते, ती तारीख पासबुकावर लिहून घ्या. एक दिवस चुकला तरी सवलत जाते.

सगळ्या शाखा असं चालतं खातं देतातच असं नाही. काही ठिकाणी वर्षातून एकदाच उचल देतात, तसं असेल तर कागदांचा त्रास घेऊन जाण्यात अर्थ नाही. ऊस असेल आणि कारखाना बिलातूनच सोसायटीची वसुली करत असेल, तर सोसायटीतच राहिलेलं बरं असं मला वाटतं. पण पैसा सोयाबीन, तूर, हरभरा असा तीन तुकड्यांत येत असेल, तर कार्ड एकदा बघाच.

बदलायचं ठरलं तर मार्चला सोसायटीचं खातं निरंक झाल्या झाल्या बेबाकी घेऊन तलाठ्याकडे सातबाऱ्यावरचा सोसायटीचा बोजा कमी करायचा अर्ज द्या. फेरफाराच्या नोटिशीचे पंधरा दिवस जातात, आणि इतर हक्कात सोसायटीचं नाव दिसतंय तोवर बँक कागद हातात घेत नाही. मी हा अर्ज मेअखेरीला दिला होता, त्यामुळे त्या वर्षीचं बियाणं उधारीवर आणावं लागलं.