सात महिने ‘कार्ट रिमाइंडर’ वापरल्यावर: पैसे भरलेल्या बाईंनाही मेल गेला तेव्हा

माझ्या लाकडी खेळण्यांच्या ऑनलाइन दुकानात कार्ट अर्धवट सोडलेल्यांना आपोआप जाणारा मेल सात महिने चालू आहे. तो कसा लावायचा हे सांगत बसत नाही. सणाच्या गर्दीत एक प्रकार घडला आणि माझं मत दोनदा बदललं, ते लिहिते.

एरवी माझी मांडणी सरळ होती. चेकआउट सुरू झालं, तासाभरात ऑर्डर आली नाही, की पहिला मेल. चोवीस तासांनी दुसरा. गर्दी नसताना कुणाची तक्रार आली नाही.

सणाच्या आधीच्या आठवड्यात एका बाईंनी रात्री 9:40 ला फोनवरून कोडं कार्टमध्ये टाकलं, ईमेल, नंबर भरला आणि मध्येच सोडलं. 10:05 ला लॅपटॉपवरून तेच कोडं मागवलं, पैसेही भरले, पण ऑफिसचा ईमेल देऊन. 10:40 ला पहिल्या ईमेलवर आमचा मेल: ‘तुमची ऑर्डर पूर्ण झालेली नाही.’ त्या घाबरल्या. पैसे गेले आणि ऑर्डर लागलीच नाही असं वाटून त्यांनी मेलमधल्या लिंकवरून पुन्हा ऑर्डर दिली. सकाळी माझ्यासमोर एकाच पत्त्याच्या दोन ऑर्डरी आणि त्यांचा काळजीने भरलेला मेल. एकीचे पैसे परत केले, पण ऐन सणाच्या तोंडावर त्यांना जो ताप झाला तो परत घेता येत नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं.

तेव्हा मी हे मेल पाठवणाऱ्या टूलच्याच नावाने बोटं मोडली. कॉन्टॅक्टच्या संख्येवर पैसे घेतात आणि ऑर्डर झाली की नाही एवढंही बघत नाहीत? सपोर्टकडून ‘सिस्टम नीट चालू आहे’ असं छापील उत्तर आलं. मग स्वतःच बसले. दुकानातली ऑर्डरची वेळ आणि टूलमधली मेल गेल्याची वेळ शेजारी शेजारी लावली. त्या आठवड्यातल्या 61 मेलपैकी 9 मेल आधीच ऑर्डर केलेल्यांना गेले होते.

त्या नऊंची कारणं मात्र दोन निघाली. पाच जणांचा ईमेल दोन्हीकडे एकच होता, पण ऑर्डर झाल्याची खबर दुकानाकडून टूलकडे उशिरा पोचली होती. गर्दीत ही देवाणघेवाण रांगेत अडकते. टूलमध्ये ऑर्डरची नोंद दिसते, पण ती पोचल्याची वेळ मेलच्या नंतरची असते, त्यावरून हे ओळखता येतं. उरलेल्या चौघांनी वेगळा ईमेल दिला होता. माझं टूल माणूस ओळखतं ते ईमेलवरून. फोन नंबर दोन्हीकडे तोच असला तरी त्याच्या लेखी ही दोन माणसं. म्हणजे सपोर्टचं उत्तर अर्धं खरं होतं, हे मान्य करावं लागलं.

पहिल्या कारणावर उपाय सोपा होता. थांबण्याची वेळ एका तासावरून चार तासांवर नेली आणि मेल सुटण्याच्या क्षणी ऑर्डर पुन्हा तपासण्याची अट घातली. पुढच्या आठवड्यात उशिराच्या खबरीमुळे चुकलेला मेल एकही नव्हता. चार तासांत ग्राहक दुसरीकडे जाईल अशी धास्ती होती. आधी 61 पैकी 7 जण परतले होते, नंतर 58 पैकी 8. आकडे लहान आहेत, यावरून वाढ झाली असं मी म्हणणार नाही. नुकसान दिसलं नाही, एवढंच.

दुसऱ्या कारणावर माझ्या टूलमध्ये उपाय नाही. म्हणून मजकूर बदलला. ‘ऑर्डर पूर्ण झालेली नाही’ हे वाक्य काढलं, कारण पैसे भरलेल्या माणसाला ते धक्का देतं. आता मेल असा आहे: ‘तुम्ही कोडं बघत होतात. घ्यायचं असेल तर कार्ट इथून पुन्हा उघडेल. दुसऱ्या ईमेलवरून ऑर्डर केली असेल, तर ती व्यवस्थित आहे, काही करू नका. कार्टमध्ये ठेवल्याने वस्तू राखून राहत नाही.’ खाली सणाआधी पोचण्यासाठी ऑर्डर करायची शेवटची तारीख. उलटा चालणारा घड्याळाचा काटा नाही, सवलतही नाही. सवलत दिली की लोक मुद्दाम कार्ट सोडून मेलची वाट बघतात, हे मी पहिल्या दोन महिन्यांत पाहिलंय. चोवीस तासांचा दुसरा मेल बंद केला.

त्या तारखेनेही एकदा दगा दिला. रात्री उशिरा मेल जाऊ नये म्हणून शांत वेळ लावली होती. शेवटच्या तारखेच्या रात्री अडलेले मेल दुसऱ्या सकाळी सुटले, तोवर मुदत उलटून गेलेली. आता शेवटच्या तारखेच्या दुपारीच हा मेल हाताने बंद करते आणि सण झाला की पुन्हा चालू करते, तारखेची ओळ काढून.

टूल बदललेलं नाही. फोन नंबरवरून ऑर्डर जुळवण्याची मागणी दोनदा पाठवली आहे. तोवर गर्दीच्या दिवसांत रोज संध्याकाळी त्या दोन याद्या शेजारी लावून बघते, दहा मिनिटं लागतात.