डोजोत ट्रेनर व्हायचं की लाइनवरच पोरं तयार करायची?

चाकण, भोसरी, रांजणगाव साइडला मशीनवर काही वर्षं काढली की हा प्रश्न येतोच. एचआरवाले म्हणतात डोजोत या, नवीन बॅचला शिकवा, जनरल शिफ्ट मिळेल. इकडे शिफ्ट इनचार्ज म्हणतो कुठं जातोस, इथंच दोन पोरं हाताखाली घे. मी दोन्ही केलंय, आधी डोजो आणि मग स्वतःहून मागून परत लाइन, आणि आमच्याकडे तरी पगारात फारसा फरक नव्हता, म्हणून ती तुलना सोडून देतो. संध्याकाळचे प्रायव्हेट सीएनसी क्लास, आयटीआयत निदेशक होणं (त्याला सीआयटीएस करावं लागतं) हा वेगळा रस्ता, तो पण इथं घेत नाही.

आधी एक गोष्ट क्लिअर करू, की हे उपकार म्हणून करायचं काम नाहीये. स्किल मॅट्रिक्सवरचा चार भागांचा गोल सगळ्यांनी बघितलाय. बहुतेक ठिकाणी पहिला भाग म्हणजे शिकतोय, दुसरा म्हणजे कोणीतरी लक्ष ठेवलं तर करतो, तिसरा म्हणजे एकटा करतो, आणि चौथा भाग तेव्हाच काळा होतो जेव्हा तो दुसऱ्याला शिकवू शकतो. बरेच चांगले सेटर तिसऱ्यावरच वर्षानुवर्षं अडकलेले असतात. का, तर सेटिंग त्यांनाच येतं. प्रमोशनचा विषय निघाला की साहेब म्हणतात तुला सोडलं तर दुसऱ्या शिफ्टला मशीन कोण लावणार, आणि खरं सांगायचं तर साहेबांचं चुकत पण नाही. तुमच्या जागी उभा राहील असा माणूस तुम्ही तयार केल्याशिवाय तुम्ही त्या मशीनवरून सुटत नाही, साधा हिशोब आहे.

डोजोचे फायदे खरे आहेत, उगाच नावं ठेवणार नाही. नाइट शिफ्ट जाते, ही एकच गोष्ट घरात लहान मूल असेल तर पुरेशी आहे. चार लोकांसमोर उभं राहून बोलायची सवय होते, कस्टमर ऑडिटला समोर बसायला मिळतं, एचआर आणि क्वालिटीचे लोक नावानं ओळखायला लागतात. पुढं ट्रेनिंग हेड वगैरे व्हायचं डोक्यात असेल तर दरवाजा इथूनच आहे.

पण मला जे खुपलं ते म्हणजे सही. बॅच सोमवारी आली की सेफ्टी, ड्रॉइंग वाचणं, व्हर्नियर-मायक्रोमीटर, डेमो मशीनवर थोडं, आणि शनिवारी पोरं लाइनवर गेली, संपलं. त्यानंतर ती काय करतात हे मला दिसायचंच नाही, कोणी सोडून गेला तर ते पण कँटीनमध्ये कळायचं. आणि ऑडिटच्या आधीच्या आठवड्यात मॅट्रिक्स अपडेट करायला यायचा, अमुक ऑपरेटर लेव्हल तीन, ट्रेनरची सही करा. अरे, ज्याला मी मशीनवर उभा राहिलेला बघितलाच नाही त्याच्या नावापुढं मी काय सही करू? आयएटीएफ १६९४९ मध्ये ऑन-द-जॉब ट्रेनिंगचा वेगळा क्लॉज आहे, ७.२.२, तो कागदावर पूर्ण झालेला असायचा, पण जॉबवर काय झालं ते मला माहीत नसायचं. तुमच्याकडे कदाचित डोजोचा ट्रेनर लाइनवर जाऊन बघत असेल, तसं असेल तर माझा मुद्दा निम्मा गळून पडतो. आमच्याकडे नव्हतं.

आता लाइन. इथं मी एक अप्रेंटिस घेतला आणि एकच काम निवडलं, सॉफ्ट जॉ बोरिंग, कारण आमच्याकडे पातळ वॉलच्या स्लीव्हचं रिजेक्शन तिथूनच यायचं. गंमत अशी की पोरगा प्रामाणिकपणे म्हणायचा सर डायमीटर ओके आहे, आणि त्याच्या बोअर गेजवर ओके असायचंच. जॉचा बोअर जॉबच्या ओडीपेक्षा मोठा झाला की प्रत्येक जॉ मधोमध एकाच रेषेवर दाबतो, पातळ जॉब तीन ठिकाणी आत दबतो, त्याच अवस्थेत बोअर गोल होतो, आणि चक उघडला की जॉब परत फुलतो आणि बोअरला तीन कोपरे येतात. दोन पॉइंटचं गेज कसंही फिरवा, रीडिंग जवळपास तेच येतं, कारण एका बाजूच्या फुगवट्यासमोर बरोबर दुसऱ्या बाजूचा दाब येतो. तीन पॉइंटचं गेज फिरवलं की लगेच सापडतं.

हे शिकवायला मी टीडब्ल्यूआयची जुनी चार पायऱ्यांची पद्धत वापरली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत बनलेली आणि नंतर जपाननं उचललेली. पहिल्यांदा त्याला काय येतं ते विचारलं. मग मी करून दाखवलं, एकदा नुसते टप्पे सांगत, दुसऱ्यांदा प्रत्येक टप्प्यातली मेख सांगत, तिसऱ्यांदा ती मेख का आहे ते सांगत. म्हणजे टप्पा काय, तर रिंग पकडून जॉ बोअर कर. मेख काय, तर चकचं प्रेशर प्रॉडक्शनला ठेवणार तेवढंच ठेव. का, तर प्रेशर बदललं की जॉ वेगळ्या जागी जाऊन बसतात आणि आत्ता काढलेला साइज खोटा ठरतो. मग त्यानं करायचं, आणि करताना तोंडानं मला सांगायचं. ‘का’ सांगताना अडखळला की समजायचं हात पाठ झालाय पण डोकं नाही. शेवटची पायरी म्हणजे एकटं सोडायचं आणि हळूहळू तपासणं कमी करायचं. त्याला एक खूण दिली, ओडीला मार्कर लावून जॉब एकदा पकड आणि सोड, जॉच्या मधोमध बारीक रेघ पुसली गेली तर बोअर मोठा, दोन्ही कडांना पुसली तर छोटा, पूर्ण पट्टा पुसला तर पुढं जा. त्यानंतर नाइटला मला फोन यायचे बंद झाले.

लाइनवर त्रास नाही असं नाही. महिनाअखेर आली की शिकवणं पहिलं बंद पडतं, सुपरवायझर तुमचा पोरगा पॅकिंगला ओढून नेतो, आणि तुमचं प्रॉडक्शन कमी भरलं तर ‘मी शिकवत होतो’ हे कोणी ऐकून घेत नाही. म्हणून हो म्हणायच्या आधी दोन गोष्टी लेखी मागून घ्या. अप्रेझलच्या केआरएमध्ये ‘अमुक माणूस, अमुक सेटिंग, लेव्हल दोनवरून तीन, अमुक तारखेपर्यंत’ अशी ओळ, आणि चेंजओव्हरच्या वेळी तो पोरगा तुमच्याजवळच राहील हे. नुसतं ‘ज्युनिअर्सना मदत करतो’ असं लिहिलं तर अप्रेझलला त्याला काही किंमत नसते, माझ्या अनुभवात तरी.

आणि टप्पा-मेख-कारण असा तीन रकान्यांचा कागद स्वतः लिहून काढा, शक्यतो हातानं. नवीन ठिकाणी इंटरव्ह्यूला गेलो तेव्हा डोजोत किती बॅच घेतल्या यावर समोरच्यानं नुसती मान हलवली, पण जॉ बोरिंगचा विषय निघाला तेव्हा ते अर्धा तास त्यावरच बोलत बसले, म्हणाले दोन पॉइंटचं गेज हे पकडत नाही हे पोराला कसं पटवलं. (कंपनीचं ड्रॉइंग किंवा पार्ट नंबर असलेला कागद मात्र बाहेर नेऊ नका, पद्धत तोंडी सांगता येते.)

नाइट अजिबात झेपत नसेल, पाठीचा त्रास असेल, किंवा मशीनपेक्षा माणसांसमोर बोलण्यातच मजा येत असेल तर डोजो घ्या, त्यात कमी काही नाही. फक्त जाताना एवढं ठरवून घ्या की आठवड्यातला एक दिवस तुम्ही लाइनवर आपल्याच जुन्या बॅचच्या मागं उभे राहणार, आणि ज्याला काम करताना बघितलंय त्याच्याच नावापुढं सही करणार. याला एचआर नाही म्हणालं तर मी तरी लाइनच घेईन.