मुदत संपल्यावर शेड कोणाची? एमआयडीसीचा प्लॉट की खासगी जमिनीवर २९ वर्षांची लीज

माझा मावसभाऊ रबाळ्याला भाड्याच्या गाळ्यात फॅब्रिकेशनचं काम करतो. गाळा अपुरा पडू लागला, म्हणून त्याने दोन जागा पाहिल्या आणि दोन्हीचे कागद माझ्याकडे घेऊन आला. पहिली जागा म्हणजे ठाणे-बेलापूरच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातला एमआयडीसीचा एक जुना प्लॉट. मूळ लीज ९५ वर्षांची असून त्यातली ४४ शिल्लक आहेत. दुसरी शीळफाट्याजवळ, एका कुटुंबाची बिनशेती झालेली मोकळी जमीन. भुईभाडं महिना ६० हजार, मुदत २९ वर्षं, बांधकाम ज्याचं त्याने करायचं. त्याला हवी होती ६,००० चौरस फुटांची शेड. भाडं, डिपॉझिट, रस्ता, वीज असं सगळं त्याने विचारून घेतलं होतं. मुदत संपल्यावर शेडचं काय, हे मात्र विचारलं नव्हतं. मी वीस वर्षं ठाण्यात हेच दस्त करतो आहे. हा प्रश्न बहुतेक जण शेवटी विचारतात, आणि तोवर पाया भरून झालेला असतो.

आधी कायदा. जमीन ज्याची त्याचीच तिच्यावरची इमारत, असा सरधोपट नियम आपल्याकडे नाही. भाडेकरूने स्वतःच्या पैशाने बांधलेली इमारत लीज चालू असेपर्यंत त्याच्या मालकीची राहू शकते. मुंबईतल्या एका जमिनीच्या दाव्यात, धैर्यवान विरुद्ध ठाकूर, सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली हेच सांगितलं. भाड्याने दिली होती ती जमीन, इमारत नव्हे. त्याच निकालाचा दुसरा भाग भाडेकरूने नीट समजून घ्यायला हवा. मुदत संपल्यावर इमारत मालकाला द्यायची असं दस्तात कबूल केलं असेल, तर ते कलम बंधनकारक आहे आणि भाडेनियंत्रण कायद्याच्या आडोशाने ते टाळता येत नाही.

दस्तात काहीच लिहिलं नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ लागू होतं. जमिनीला जोडलेल्या वस्तू भाडेकरू मुदत संपल्यानंतरही काढून नेऊ शकतो, पण ताबा त्याच्याकडे असेपर्यंतच. शिवाय जमीन घेतली तशी परत करावी लागते. मी पाहिलेलं एक प्रकरण याच वाक्यावर अडलं. भाडेकरूने समजुतीने किल्ल्या दिल्या, पत्रे आणि ट्रस पुढच्या आठवड्यात नेतो म्हणाला. पुढच्या आठवड्यात गेटला नवं कुलूप होतं. ताबा गेला त्या दिवशीच त्याचा हक्कही गेला होता.

आता दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहू.

एमआयडीसीच्या छापील लीजमध्ये शेवटाबद्दल सहसा असं असतं: मुदत संपताना जमीन आणि तिच्यावरचं बांधकाम महामंडळाच्या ताब्यात द्यायचं. मात्र भाडं आणि कर चुकते असतील आणि अटी पाळल्या असतील, तर मुदत संपायच्या आत बांधकाम काढून नेण्याची मोकळीक असते. काढलं तर जमीन सपाट करून द्यायची. म्हणजे इथेही इमारत आपोआप तुमच्याकडे राहत नाही, तिची भरपाईही ठरलेली नसते. फरक आहे तो अंतराचा. ४४ वर्षांनी मावसभाऊ ८२ वर्षांचा असेल. दरम्यान तो प्लॉट शेडसकट दुसऱ्याच्या नावावर करू शकतो. महामंडळाची परवानगी घ्यावी लागते आणि हस्तांतरण शुल्क भरावं लागतं, पण मार्ग मळलेला आहे. बँकेलाही तो ओळखीचा आहे. उरलेल्या वर्षांचं बाजारात मोल आहे तोवर इमारतीचंही आहे, आणि ते वसूल करण्याची वेळ मुदतीच्या शेवटी नसून तिच्या मध्यावर असते. साधारण वीस वर्षं उरली की गिऱ्हाईक आणि बँक दोघंही हात आखडता घेतात. असा प्लॉट घेताना विकणाऱ्याच्या तोंडच्या आकड्यावर जाऊ नका. मूळ लीजची प्रत काढा आणि मुदत कोणत्या तारखेपासून मोजली आहे ते स्वतः वाचा. नूतनीकरणाचं कलम असेल तर नवा प्रीमियम कोण ठरवणार तेही बघा. सिडकोच्या प्लॉटांनाही हेच लागू, फक्त तिथे मुदत ६० वर्षांची असल्यामुळे शेवट जवळचा आहे. १९८० सालची लीज २०४० ला संपते.

खासगी जमिनीच्या कागदात अठरावं कलम दीड ओळीचं होतं: ‘मुदत संपताच सर्व बांधकाम कोणत्याही मोबदल्याविना जमीनमालकाचे होईल.’ मावसभावाला यात वावगं वाटलं नाही. तो म्हणाला, २९ वर्षांनी त्या शेडमध्ये राहणार काय? मग आम्ही वहीत आकडे मांडले. बोल्ट केलेली लोखंडी शेड, पाया आणि फरशी धरून ७२ लाख. ३४८ महिन्यांवर पसरले तर महिना जवळजवळ २१ हजार. म्हणजे त्याचं खरं भाडं ६० नव्हे, ८१ हजार. त्याच्या मनात दुमजली आरसीसी इमारतही होती, १ कोटी २० लाखांची. ती धरली तर महिना साडेचौतीस हजार वाढतात, आणि व्याज यात धरलेलंच नाही.

त्याचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. शेडचं लोखंड साधारण १८ टन. २९ वर्षांनी ते भंगारातच जाणार. ३० रुपये किलोने धरलं तर ५ लाख ४० हजार. त्यातून क्रेन, मजूर, फरशी फोडणं, फुटिंग उखडणं आणि राडारोडा उचलणं वजा करा, हातात फारसं काही उरत नाही. म्हणून पूर्ण मुदत संपल्यावरच्या ‘काढून नेण्याच्या हक्का’साठी फार भांडण्यात अर्थ नाही. तिथे भांडायचं ते एका शब्दासाठी. भाडेकरू बांधकाम काढू ‘शकेल’ असं हवं, काढून ‘देईल’ असं नको. ‘देईल’ लिहिलंत की शेवटच्या वर्षी पाया उखडण्याचा खर्च तुमच्या डोक्यावर बसतो.

पण लीज आठव्या वर्षीच संपली तर? धंदा बसला, भाडं थकलं, वाद झाला. तेव्हा ती शेड भंगार नसते. आठ वर्षांचे कॉलम, राफ्टर आणि पर्लिन दुसऱ्या जागी पुन्हा उभे राहतात. मालकाच्या मसुद्यात पुढे ‘किंवा लीज अन्य कारणाने लवकर संपल्यास’ हे शब्द होते, आणि खरा धोका तिथे होता. आम्ही ते कलम दोन भागांत तोडायला सांगितलं. पूर्ण २९ वर्षं झाली तर शेड मालकाची, भरपाई नाही. लवकर संपली, मग कारण कोणतंही असो, तर भाडेकरूला सहा महिने ताबा, त्या काळाचं भाडं तो देईल आणि शेड काढून नेईल. जोत्याच्या वरचं सगळं त्याचं, जोतं आणि फरशी जागेवर राहील. मालकाला सपाट फरशी फुकट मिळते, त्यामुळे त्यानेही फार ताणलं नाही.

हे कलम बांधकामाची जातही ठरवतं. काढून नेण्याचा हक्क हवा असेल तर सांधे बोल्टचे ठेवा, वेल्डिंग टाळा. मावसभाऊ स्वतः लोखंडात काम करतो, तरी बेस प्लेटवर काँक्रीटचा थर चढवायला निघाला होता, दिसायला बरं म्हणून. अँकर बोल्टचे नट त्या थराखाली गेले की गंजून एकजीव होतात. मग कॉलम गॅस कटरने खालून कापावा लागतो, आणि कापलेला कॉलम पुन्हा तसाच उभा राहत नाही. नट उघडे ठेवायचे आणि दर पावसाळ्याआधी ग्रीस लावायचं.

तिसरी तऱ्हा म्हणजे मुदतीनंतर मालकाने इमारतीची किंमत द्यायची. आरसीसी बांधायचं असेल आणि जागा खासगीच घ्यायची असेल, तर मी यावर अडून बसेन. फक्त ‘योग्य किंमत’ एवढंच लिहू नका. आज तशीच इमारत बांधायला येणारा खर्च वजा घसारा, दोघांचा एकेक मूल्यांकक, त्यांचं पटलं नाही तर तिसऱ्याचा आकडा अंतिम, हे सगळं दस्तात यायला हवं. सर्वात महत्त्वाचं म्हणजे रक्कम हातात पडेपर्यंत ताबा भाडेकरूकडे. २९ वर्षांनी समोर आजचा मालक नसेल, त्याची मुलं-नातवंडं असतील, आणि त्यांच्याकडे एकरकमी पैसे असतीलच असं नाही.

मुदत २९ वर्षांचीच का, तर मुद्रांक शुल्कामुळे. महाराष्ट्रात १० वर्षांहून जास्त आणि २९ वर्षांपर्यंतच्या लीजवर जमिनीच्या बाजारमूल्याच्या ५० टक्क्यांवर शुल्क आकारतात, त्यापुढे ९० टक्क्यांवर. जमीन तीन कोटींची असेल तर २९ वर्षांना दीड कोटीवर आणि ३० वर्षांना दोन कोटी सत्तर लाखांवर. नूतनीकरणाची वर्षं दस्तात नमूद केली तर तीही मुदतीत मोजली जातात. म्हणून पुष्कळ जण ते कलम गाळतात आणि ‘पुढचं तोंडी ठरलंय’ म्हणतात. तोंडी ठरलेल्यावर आरसीसी उभं करू नका. शुल्क वाचवायचं असेल तर २९ वर्षांत पैसे वसूल होतील एवढंच बांधा.

नोंदणी, बांधकामाला मालकाची लेखी संमती (कायम स्वरूपाच्या बांधकामाला ती लागतेच), घरपट्टीला बांधकाम भाडेकरूच्या नावे लावून घेणं ही कामं नेहमीची, पण चुकवू नयेत. बांधकाम कोणी केलं हा वाद निघाला की मंजूर नकाशा, बिलं आणि घरपट्टीच्या पावत्याच उपयोगी पडतात. मोकळ्या जमिनीचे तारखेसह फोटोही दस्ताला जोडा. ‘घेतली तशी परत’ म्हणजे कशी, हे पुढे त्यावरूनच ठरतं.

माझं मत मी त्याला सरळ सांगितलं. दुमजली पक्की इमारत हवी असेल आणि दोन कोटी घालायची ताकद असेल, तर एमआयडीसीचा प्लॉट घ्यावा, कारण तिथे बांधलेलं मध्येच विकता येतं. मशिनरीला पैसा मोकळा ठेवायचा असेल, तर शीळची जमीन आणि बोल्टची शेड, पण अठरावं कलम बदलून. त्याने शीळ निवडली. मात्र सातबाऱ्यावर सात नावं आहेत. पाच जण दुय्यम निबंधकाकडे यायला तयार आहेत, एक बहीण पुण्याला आणि एक पुतण्या दुबईला असतो. त्या दोघांच्या सह्या किंवा रीतसर कुलमुखत्यारपत्र हाती येईपर्यंत फुटिंगसाठी एक खड्डाही खणायचा नाही, एवढं मी त्याच्याकडून वदवून घेतलंय.